आखाजी पुढे सरकली आणि बाण लाल झाला: एका किराणा दुकानाच्या डॅशबोर्डचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमळनेर तालुक्यातील एका बाजारगावातल्या किराणा दुकानाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणाचा सगळा भार तारखांवरच आहे. दुकान तीस वर्षांचे जुने आहे. गल्ल्यावर मालक बसतात, त्यांना गाव आबा म्हणते. रात्रीच्या नोंदी त्यांच्या सूनबाई करतात, आणि मी वर्षातून काही वेळा जाऊन त्यांचा जमाखर्च लिहून देतो.

गावात बुधवारी आठवडे बाजार भरतो. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून लोक येतात आणि दुकानाची विक्री इतर दिवसांच्या जवळपास दुप्पट होते. विक्रीचा तिसरा हिस्सा उधारीवर जातो. ती उधारी कापूस विकला की, म्हणजे दिवाळीच्या आसपास आणि त्यानंतर, फिटू लागते. 2023 च्या जानेवारीपासून सूनबाई रोजच्या विक्रीचा आकडा मोबाइलवर गूगल शीट्समध्ये लिहीत होत्या. त्यामुळे 2024 उजाडले तेव्हा हाताशी एक पूर्ण वर्ष होते.

फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात नोकरी करणारा आबांचा भाचा गावी आला होता. त्याने दोन रात्री बसून त्या शीटवर एक डॅशबोर्ड बांधला आणि जुन्या टॅबवर तो कायम उघडा राहील अशी सोय करून टॅब गल्ल्याशेजारी उभा केला. काम मनापासून केलेले होते, आणि दिसायलाही ते देखणे होते. त्यात चौदा चौकटी होत्या: महिन्याची विक्री, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना, मालाच्या प्रकारांनुसार गोल आलेख, रोख आणि यूपीआय यांचे प्रमाण, गाडीच्या वेगमापकासारखा एक काटा, सर्वाधिक खपणाऱ्या दहा वस्तू, अंदाजे नफा, आणि असे बरेच काही.

अडचण

पहिल्या आठवड्यात सगळे घर टॅबसमोर उभे राहत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यावर पोह्यांच्या पुड्यांची माळ लटकत होती. मी मार्चमध्ये गेलो तेव्हा आबा म्हणाले, "भाऊ, हाई समदं पाहीसन मी काय करू?" मला तो प्रश्न तेव्हा तक्रारीसारखा वाटला. पुढे लक्षात आले की डॅशबोर्ड बांधण्याआधी विचारायला हवा होता तो हाच प्रश्न होता.

चौदापैकी तेरा चौकटींकडे कोणी पाहत नव्हते, म्हणून त्यांनी काही बिघडवले नाही. बिघडवले ते पाहिल्या जाणाऱ्या एकमेव चौकटीने. वरच्या डाव्या कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करणारा मोठा बाण होता आणि तो हिरवा किंवा लाल होत असे. आबांना आलेख वाचायची सवय नाही, पण लाल रंग कोणालाही वाचता येतो. 25 एप्रिल 2024 रोजी तो बाण खाली वळलेला होता आणि त्याखाली उणे अठरा टक्के लिहिलेले होते.

त्याच सुमारास स्टँडजवळ एक मोठे, काउंटरवर मशीनने बिल देणारे दुकान सुरू झाले होते. आबांनी बाण आणि नवे दुकान यांची सांगड घातली आणि पाचातला एक ग्राहक तिकडे गेला असे धरले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर होती हे त्यांना ठाऊक होतेच. खान्देशात आखाजी विसरणारा किराणा दुकानदार सापडणार नाही. लेकी माहेरी येतात, पुरणपोळी आणि आमरसाचा बेत होतो, सांजोऱ्या होतात, आणि हरभरा डाळ, गूळ, साखर, रवा व तेल यांचा उठाव आठवडाभर आधीच सुरू होतो. तरीही जळगावच्या दाणाबाजारात मागणी नोंदवताना त्यांनी हरभरा डाळीचे सहाऐवजी चार कट्टे सांगितले आणि साखरेची दहाऐवजी सात पोती.

10 मे रोजी आखाजी होती आणि 8 मे रोजी बुधवारचा बाजार. त्या बुधवारी दुपारी एकच्या सुमारास डाळ संपली. आबांनी तालुक्याहून चढ्या भावाने दोन कट्टे मागवले. ते संध्याकाळी पोहोचले, तोवर खेड्यांवरची माणसे परतीच्या गाड्यांत बसली होती. डाळ नाही म्हणून गूळही न घेता गेलेली गिऱ्हाइके आबांनी मोजली नाहीत. मोजता आलीही नसती.

बाण खोटे बोलत होता का

बाणाचे गणित बरोबर होते. एप्रिल 2024 ची विक्री एप्रिल 2023 पेक्षा खरोखरच तितकी कमी होती. चुकीची होती ती तुलना. 2023 साली आखाजी 22 एप्रिलला होती, म्हणजे सणाची संपूर्ण खरेदी एप्रिलच्या पोटात होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि त्यामुळे पुढची आखाजी अठरा दिवसांनी सरकून 10 मे 2024 रोजी पडली. सण मे महिन्यात गेला, आणि एप्रिल ओस दिसू लागला. याच अधिक महिन्याचा परिणाम दिवाळीवर उलट दिशेने होणार होता: 2023 चे लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला झाले होते आणि 2024 चे 1 नोव्हेंबरला येत होते. म्हणजे तोच बाण ऑक्टोबर 2024 मध्ये फुकटचा हिरवा होणार होता, आणि त्या भरात आबांनी माल जास्त भरला असता.

महिन्याशी महिना जुळवण्याची ही पद्धत पगारावर चालणाऱ्या शहरी दुकानात काही अंशी चालून जाते. जिथे विक्री तिथी, बाजाराचा वार आणि कापसाचा पैसा यांवर हलते तिथे ती चालत नाही.

मीही या टप्प्यावर एक चूक केली, ती नोंदवतो. आबांची धास्ती कमी करावी म्हणून मी दोन्ही वर्षांचे आखाजीपर्यंतचे दहा दहा दिवस काढून बेरीज केली. 2024 बरेच पुढे आले, आणि डाळ संपूनही विक्री वाढली असे मी त्यांना सांगून मोकळा झालो. रात्री कॅलेंडर पाहिले तेव्हा उमगले की 13 ते 22 एप्रिल 2023 या दहा दिवसांत एकच बुधवार होता, तर 1 ते 10 मे 2024 मध्ये दोन होते. मी एका बाजाराची तुलना दोन बाजारांशी केली होती. खिडकी चौदा दिवसांची केली की कोणत्याही वर्षी तिच्यात दोनच बुधवार येतात. त्या हिशेबाने दोन्ही वर्षांची विक्री जवळपास सारखी निघाली. नव्या दुकानाने ग्राहक ओढले असे दाखवणारा कोणताही पुरावा आकड्यांत नव्हता.

समोर असलेले पर्याय

मे अखेरीस आम्ही चौघे बसलो. भाचा फोनवर होता. त्याचे म्हणणे असे की चौकटी तशाच ठेवाव्यात आणि फक्त बाणाची तुलना दुरुस्त करावी, कारण माहिती असली तर बिघडते काय. आबांचे म्हणणे त्याच्या नेमके उलट होते: टॅब गुंडाळून ठेवावा आणि पूर्वीसारखे वहीवर चालवावे. सूनबाईंनी मधला मार्ग सुचवला नाही. त्यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला. त्या म्हणाल्या, "रोज रात्री अर्धा तास मी आकडे भरते. त्यातला कोणता आकडा सकाळी कामाला येतो ते सांगा, तेवढाच भरीन."

त्यामुळे आम्ही चौकटींची चर्चा सोडली आणि आबा आठवड्यात कोणकोणते निर्णय घेतात याची यादी केली. ती लहान निघाली. कोणता माल कधी मागवायचा हे ते दर सोमवारी ठरवतात. कोणाला आणखी उधार द्यायचे आणि कोणाकडे मागायला जायचे हे रोज ठरते. आणि धंदा नेहमीसारखा चालला आहे की कुठे घसरतो आहे, याचा अंदाज त्यांना रोज सकाळी हवा असतो. एवढेच. गोल आलेखाने यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. धान्याचा हिस्सा चाळीस टक्के आहे हे कळल्याने आबा काहीही वेगळे करणार नव्हते.

नफ्यावर मात्र वाद झाला. आबांना नफा पाहायचा होता, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या चौकटीतला नफा शीटमधल्या खरेदीभावांवर बेतलेला होता आणि ते भाव फेब्रुवारीनंतर कोणी बदललेच नव्हते. सुटे तेल आणि डाळी यांचा भाव तर पंधरवड्याला हलतो. जुन्या खरेदीभावावर काढलेला रोजचा नफा हा आकडा दिसतो नेमका, पण असतो अंदाज, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला अंदाज माणूस खरा मानतो. मी तो काढून टाकण्याचा आग्रह धरला. आबा मनापासून पटून तयार झाले असे मला आजही वाटत नाही.

काय केले

चौदातून तीन आकडे उरले. पहिला म्हणजे कालची विक्री. आजची चालू विक्री आम्ही मुद्दाम दाखवली नाही, कारण दुपारी दोन वाजताचा अर्धा दिवस पूर्ण दिवसाशी ताडला की तो नेहमीच पडका दिसतो.

विक्री मोजायची कशी, हेही नव्याने ठरवावे लागले. दोन-पाच रुपयांच्या सुट्या विक्रीची बिले होत नाहीत, म्हणून बिलांची बेरीज कमी भरते. गल्ल्यात जमा झालेले सगळे विक्री धरले तर जुन्या उधारीची वसुली त्यात मिसळते. जूनमधल्या एका दिवसाचा हिशेब असा होता: सकाळी गल्ल्यात 1,500 रुपयांची चिल्लर ठेवली, रात्री 9,700 रोख निघाले, आणि मधे एका एजंटला गल्ल्यातून 3,200 दिले. म्हणजे रोख आली 11,400. यूपीआयने 6,400 आले. नवी उधारी 2,150 गेली. ही बेरीज 19,950 होते आणि जुन्या पद्धतीत तीच विक्री म्हणून लागली असती. पण त्या दिवशी एका शेतकऱ्याने 4,500 रुपये मागची बाकी फेडली होती. ती वजा करता खरी विक्री 15,450 ठरते. ही वजाबाकी केली नाही, तर कापूस विकला जाण्याच्या दिवसांत धंदा जोरात असल्याचा भास होतो आणि पेरणीच्या दिवसांत, वसुली थांबली की, मंदीचा.

हा आकडा ताडायचा तो आधीच्या चार आठवड्यांतील त्याच वाराशी. बुधवार बुधवारशी, गुरुवार गुरुवारशी. सुरुवातीला मी सरासरी वापरली आणि ती लगेच बदलली, कारण चारपैकी एक बुधवार सणाचा असला की सरासरी महिनाभर फुगलेली राहते. समजा, चार बुधवारांची विक्री 24,000, 26,500, 25,200 आणि सणाच्या बुधवारची 41,000 आहे. सरासरी येते 29,175. त्यापुढे 25,000 चा साधा बुधवार चौदा टक्के पडलेला दिसतो. हेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांचा मध्य घेतला, म्हणजे शाळेत ज्याला मध्यक म्हणतात तो काढला, तर 25,850 येतात आणि तोच बुधवार जेमतेम तीन टक्के खाली, म्हणजे नेहमीसारखा, दिसतो. `Vikri` या शीटमध्ये A स्तंभात तारीख, B मध्ये विक्री आणि `E1` मध्ये कालची तारीख असेल तर सूत्र एवढेच आहे:

```
=MEDIAN(FILTER(Vikri!B2:B, Vikri!A2:A>=E1-28,
 Vikri!A2:A<E1, WEEKDAY(Vikri!A2:A)=WEEKDAY(E1)))
```

दुकान बंद असलेल्या दिवशी रकाना रिकामा ठेवायचा, शून्य लिहायचे नाही. शून्य लिहिले तर सूत्र त्याला खरी विक्री समजते. रंगही एकच ठेवला. त्या वाराची विक्री सलग तीन आठवडे नेहमीपेक्षा दहा टक्क्यांहून खाली राहिली तरच आकडा लाल होतो, एरवी तो काळा असतो. बाण काढून टाकला.

दुसरा आकडा उधारीचा: एकूण येणे, आणि त्यातले पंचेचाळीस दिवसांत एक पैसाही न आलेले येणे. येथे आमच्या हातून एक गंभीर चूक झाली. सर्वात जुन्या पाच थकबाकीदारांची नावे मी त्याच पानावर लावली होती. चौथ्याच दिवशी साखर घ्यायला आलेल्या एका बाईने टॅबवर आपल्या दिराचे नाव आणि रक्कम वाचली. आबांनी उधारीची वही तीस वर्षांत कधी गिऱ्हाइकासमोर उघडी ठेवली नव्हती, आणि मी ती भिंतीवर टांगल्यासारखे केले. त्या घरी आबांना स्वतः जाऊन समजूत काढावी लागली. नावे त्याच संध्याकाळी वेगळ्या पानावर गेली आणि ते पान फक्त सूनबाईंच्या मोबाइलवर उघडते.

तिसरी चौकट संपत आलेल्या मालाची आहे. दुकानात सहाशेच्या वर वस्तू आहेत. त्या सगळ्यांचा साठा विक्रीतून आपोआप वजा करावा ही भाच्याची कल्पना सुट्या मालामुळे टिकली नसती. आबांना मी विचारले की कोणती वस्तू नसली तर गिऱ्हाईक पायरी उतरून दुसऱ्या दुकानात जाते. त्यांनी न थांबता बारा नावे सांगितली: साखर, चहा, तेल, हरभरा डाळ, तूरडाळ, गूळ, रवा अशी. या बारांचे कट्टे, पोती आणि डबे सूनबाई रविवारी रात्री डोळ्यांनी मोजतात, आणि पडद्यावर किती पोती शिल्लक आहेत हे न दिसता किती दिवस पुरतील हे दिसते. सात दिवसांहून कमी पुरणाऱ्या वस्तूच फक्त दिसतात; बाकीच्या दिसतच नाहीत. एखाद्या सोमवारी ती चौकट पूर्ण रिकामी असते, आणि आबांना ती तशी पाहायला आवडते.

सणांचे काय करायचे हा प्रश्न उरला होता. त्यासाठी पडद्यावर काहीच ठेवले नाही. शीटमध्ये आखाजी, कानबाई, पोळा आणि दिवाळी यांच्या प्रत्येक वर्षाच्या तारखांचा छोटा तक्ता आहे, आणि सणाच्या तीन आठवडे आधी गेल्या वर्षीच्या त्या सणाअगोदरच्या चौदा दिवसांत बारा वस्तू किती खपल्या याचा एक कागद सूनबाई काढून आबांना देतात. मागणी त्या कागदावरून जाते.

परिणाम

ऑक्टोबर 2024 मध्ये विक्री गेल्या ऑक्टोबरपेक्षा खूप वर होती आणि कोणी त्याची दखल घेतली नाही, हे मी यश मानतो. दिवाळीच्या चौदा दिवसांत बारांपैकी एकही वस्तू संपली नाही; रवा मात्र दोन कट्टे उरला. पंचेचाळीस दिवसांवरची उधारी डिसेंबरपर्यंत निम्म्यावर आली, पण त्याचे श्रेय डॅशबोर्डला देणे योग्य नाही, कारण त्या दिवसांत कापसाचे पैसे येतातच. खरी कसोटी पुढच्या ऑगस्टमध्ये लागली, आणि तेव्हा थकबाकी आधीच्या ऑगस्टपेक्षा थोडीच कमी होती. सूनबाईंचे रात्रीचे काम अर्ध्या तासावरून दहा मिनिटांवर आले आहे. टॅबवर आता पुड्यांची माळ नसते.

आज पुन्हा करायचे झाल्यास

नफ्याचा आग्रह मी इतक्या झटक्यात मोडून काढायला नको होता. बारा वस्तूंचेच खरेदीभाव दर सोमवारी लिहून महिन्याला एकदा कागदावर ढोबळ नफा काढता आला असता. आबांनी तो विषय नंतर कधी काढला नाही, पण ते अजून वहीच्या मागच्या पानावर आपला हिशेब करतात. दुसरे असे की सलग तीन आठवड्यांची अट मी केवळ अंदाजाने घातली. ती फार ढिली असू शकते: स्टँडवरच्या दुकानाने खरोखरच ग्राहक ओढले असते, तर आम्हाला ते तीन आठवड्यांनी कळले असते. शिवाय मध्यक चार आठवड्यांबरोबर स्वतःही खाली सरकतो, म्हणून हळूहळू होणारी घसरण या आकड्यात कधीच लाल होणार नाही. तिच्यासाठी सणाचे चौदा दिवस मागच्या सणाशी ताडणे हाच एक आधार आमच्याकडे आहे, आणि तो वर्षातून चारदाच मिळतो.

सणांचा तक्ता सूनबाईंनी 2026 अखेरपर्यंत भरला आहे. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, आखाजी 19 एप्रिलला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. त्या दोन ओळींपुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिले आहे: ऑक्टोबर कमी दिसेल, घाबरू नये.